वीतभर वर लावलेलं लोखंड

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांच्या भिंती संपतात आणि पत्र्याच्या शेडांची रांग लागते, तिथं इलियासचं वर्कशॉप आहे. बाहेर पाटी नाही. ज्याला जिमचं मशीन बनवून घ्यायचंय त्याला पत्ता तोंडीच मिळतो. आत पाइप कापायचं कटर, दोन वेल्डिंग सेट, रंगाचे डबे आणि अर्धवट उभ्या केलेल्या मशीनचे सांगाडे. नवीन माणूस आत आला की इलियास त्याला खुर्ची देत नाही, मशीनवरच बसवतो. बसल्यावर माणसाला कळतं आपल्याला काय पाहिजे ते, असं त्याचं म्हणणं.

पंचविसेक वर्षांपूर्वी त्यानं एका तालमीसाठी पाण्याच्या पाइपचा बेंच बनवला. तो अजून वापरात आहे. तेव्हापासून त्याचा हात बसला तो लेग प्रेसवर. लेग प्रेस म्हणजे माणूस खाली तिरका टेकून बसतो आणि वजनं लावलेली गाडी रुळांवरून तळपायांनी वर ढकलतो. दिसायला सोपं काम. पण इलियासच्या लेग प्रेसची एक ख्याती होती, आणि गावभरातले जुने कसरतपटू ती एका वाक्यात सांगायचे: इलियासची गाडी खाली येते. म्हणजे गुडघे छातीला भिडायला येतील इतकी खाली. प्रत्येक मशीनला खाली एक लोखंडी अडथळा असतो, स्टॉपर, म्हणजे गाडी माणसाच्या अंगावर येऊ नये. बाहेरून येणाऱ्या तयार मशीनचा स्टॉपर कुठंही असायचा. इलियास मात्र गिऱ्हाइकाला बसवून, त्याचे पाय दुमडून, कंबर गादीवरून उचलली जात नाही ना ते बघून मग स्टॉपर लावायचा. कुणी ‘एवढं खाली कशाला’ म्हटलं तर तो चिडायचा.

“मांडी कुठं कामाला लागती माहीत आहे का? खाली. दुमडून ताणली जाती तिथं. वर तर हाडावर हाड चढतं आणि वजन आपोआप उभं राहतं. वरचं चार बोटं ढकलून काय मिळणार? टाळ्या!”

त्याला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. हजार माणसं मशीनवर बसवली, कुठं त्यांचे पाय थरथरतात ते पाहिलं, त्यातून आलेलं शहाणपण होतं. शहाणपण खरं होतं. अडचण एवढीच की खरं शहाणपण असलेला माणूस खरंच वागेल याची काही हमी नसते, आणि ही गोष्ट त्या हमीचीच आहे.

अर्धवट हालचाल नेहमी वाईट, असंही तो म्हणत नसे. सुलेखा मॅडम म्हणून एक फिजिओथेरपिस्ट होत्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे पेशंट चालते करायच्या. त्यांनी त्याच्याकडून एक खास लेग प्रेस बनवून घेतली. तिच्या रुळाला ओळीनं भोकं आणि स्टॉपर म्हणजे काढता-घालता येणारी एक पिन. पहिल्या आठवड्यात पिन पार वर, पेशंटनं वीतभरच ढकलायचं. मग दर आठवड्याला त्याचा गुडघा जेवढं मानेल तेवढी पिन एकेक भोक खाली. “पिन वर ठेवायची, पण ती खाली यायच्या वाटेवर असली पाहिजे,” असं मॅडम म्हणाल्या होत्या. इलियासला ते वाक्य इतकं आवडलं की त्यानं पिनला लाल रंग दिला.

हीच लाल पिन बद्रीनाथनं पाहिली.

बद्रीनाथ मूळचा कन्नडकडचा. सिडकोत त्याची जिम, काचेच्या दारांची, आत गारवा, भिंतीवर आरसे. मशीन सगळी इलियासची. लेग प्रेस बसवून दोन महिने झाले आणि तो वर्कशॉपला आला तो कुरकुरतच. पोरं म्हणतात मशीन जड जाते. शेजारच्या जिममध्ये तीनशे किलो मारणारा इथं दीडशेवर हाय खातो, आणि दुसऱ्या दिवशी येतच नाही.

“शेजारच्या मशीनची गाडी अर्ध्यात अडती,” इलियास म्हणाला. “त्याचे तीनशे आणि माझे दीडशे, मांडीला माझे दीडशे भारी.”

“मांडीला काय कळतंय व्हय? माणसाला आकडा कळतो.” बद्रीनाथनं कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या मॅडमच्या मशीनच्या लाल पिनेवर हात ठेवला. “आपल्याला बी असंच वर करून द्या. पिन नको, पोरं काढून टाकतील. वेल्डच मारा.”

इलियासनं चक्क नाही म्हटलं. त्यावर बद्रीनाथनं मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवला. एक गोरा, फुगलेला माणूस सांगत होता, की नव्या संशोधनानुसार अर्धवट रेप, म्हणजे हालचालीचं अर्धंच आवर्तन, मारूनही स्नायू पूर्ण रेपइतकाच वाढतो, कधी कधी जास्तसुद्धा.

“बघा. सायन्स बी आमच्याच बाजूनं हाय.”

इलियासनं तो व्हिडिओ दोनदा पाहिला. इंग्रजी त्याला पुरतं कळत नव्हतं, पण तो माणूस पोटरीचं मशीन करत होता आणि टाच कुठं आहे ते बघायला इंग्रजी लागत नाही. टाच खाली होती. खालपासून मधेपर्यंत, पुन्हा खाली. वर तो जातच नव्हता.

“बद्रीभाऊ, हा अर्धा खालचा आहे. स्नायू ताणलेला असतो तो अर्धा. तुम्ही माझ्याकडून जो मागताय तो वरचा. हा सोडतोय ते तुम्ही धरताय, आणि हा धरतोय ते सोडताय.”

“अर्धा तो अर्धाच ना?”

“अर्धी भाकर आणि अर्धं ताट एकच का?”

बद्रीनाथ मोठ्यानं हसला. त्याला राग यायचाच नाही, हा त्याचा मोठा गुण होता आणि त्याच्याशी भांडणाऱ्याची मोठी अडचणही. मग तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, की बीड बायपासला दुसरी शाखा काढतोय. नऊ मशीन लागतील. बाहेरून तयार माल मागवायला लोक मागं लागलेत, पण आपला माणूस असताना बाहेर कशाला जायचं.

त्या वर्षी वर्कशॉपमध्ये काम म्हणावं असं नव्हतं. तयार मशीन ट्रकमधून उतरायची, चकचकीत आणि स्वस्त. इलियासच्या हाताखाली दोन कारागीर होते आणि दोघंही दुपारनंतर बिडी ओढत बसायचे. इलियासनं आठ दिवस टाळाटाळ केली. नवव्या दिवशी तो पोर्टेबल सेट घेऊन सिडकोत गेला आणि स्टॉपर काढून वीतभर वर वेल्ड केला. वरून जाड रबर चढवलं, काळा रंग मारला. काम इतकं सफाईनं केलं की मशीन तशीच जन्माला आली असावी असं वाटत होतं. वाईट काम तरी वाईट हातानं करायचं, तेही त्याला जमलं नाही.

आठवड्याभरात दीडशेवाले तीनशेवर गेले. एका आठवड्यात कुणाचे पाय दुप्पट होत नसतात हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण तिथं कुणी विचारतच नव्हतं. बद्रीनाथनं भिंतीवर ‘चारशे क्लब’ असा फलक लावला. चारशे किलो ढकलणाऱ्याचा फोटो त्यावर. गाडी वीतभर खाली यायची, रबरावर टेकायची, क्षणभर विसावायची आणि पुन्हा वर. मशीन जड जाते ही तक्रार त्यानंतर कुणी केली नाही.

संघपाल त्या जिममध्ये आला तो स्टॉपर वर गेल्यानंतर. ती त्याच्या आयुष्यातली पहिली जिम होती, त्यामुळं लेग प्रेस म्हणजे एवढीच हलणारी गोष्ट असं त्यानं धरून चालणं स्वाभाविक होतं. वय चोवीस. वाळूजला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागलेला, भावसिंगपुऱ्याकडून जाऊन-येऊन. त्याची आई गीताबाई चिकलठाण्यातल्या शेडांना जेवणाचे डबे पुरवायची. इलियासच्या वर्कशॉपलाही तिचाच डबा. दहा वर्षं रोज दुपारी ती पायी यायची, भरलेला डबा ठेवायची, रिकामा उचलायची. इलियासला ती भाऊ म्हणायची, म्हणून संघपाल त्याला चाचा म्हणायचा.

संघपालचे छाती-खांदे दृष्ट लागावेत असे भरले. बद्रीनाथनं ते हेरलं. एप्रिलात सिल्लोडला जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा होती. त्यात पहिल्या तिनात आलास तर नव्या शाखेचा मुख्य ट्रेनर तू, असा शब्द त्यानं सगळ्यांसमोर दिला. संघपालला मेडलचं वेड नव्हतं. त्याला ठेकेदाराची हजेरी सोडायची होती. स्वतःच्या नावाचा टी-शर्ट घालून, लोकांनी ‘सर’ म्हणावं अशा जागी उभं राहायचं होतं. त्यासाठी एकच गोष्ट आडवी येत होती, त्याच्या मांड्या.

जानेवारीत एक दिवस आईच्या ऐवजी संघपालच डबा घेऊन वर्कशॉपला आला. डबा ठेवला आणि तिथंच घुटमळला.

“चाचा, तुम्ही मशीन बनवता. एक विचारू? माझं लेग प्रेस एकशे ऐंशीवरून चारशे वीसवर गेलंय. चारशे क्लबात फोटो हाय माझा. पण मांडी जून महिन्यात त्रेपन्न सेंटीमीटर होती, आज चौपन्न. सात महिन्यांत एक सेंटीमीटर! खातो बी बरोबर. मग जातंय कुठं सगळं?”

इलियासला माहीत होतं कुठं जातंय. हाडांत, रुळांत आणि त्या रबरात जातंय. शिंप्याचा टेप खोटं बोलत नव्हता, चारशे वीसचा आकडा बोलत होता. त्यानं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “खांद्यावर बार घेऊन बैठका मारतोस का?”

“मारतो ना. दीडशे लावून.”

“दाखव. नुसत्या काठीनं.”

संघपालनं पाइपचा तुकडा खांद्यावर घेतला आणि खाली बसला. बसला म्हणजे काय, गुडघे जेमतेम वाकवले आणि उठला. वरचा एक पाव. मशीनवर मोठ्या आकड्याची चटक लागली की माणूस बारवरही तेवढाच मान मागतो, आणि मान मिळवायचा तर खाली बसून चालत नाही. स्टॉपर आता त्या पोराच्या डोक्यात वेल्ड झाला होता.

शेडच्या मधोमध एक नवीकोरी लेग प्रेस उभी होती, पैठणच्या एका तालमीची. तिचा स्टॉपर जिथं असायला पाहिजे तिथंच, खाली. संघपालचं लक्ष तिच्याकडं गेलं. “ही ट्राय करू का चाचा?”

आता नुसतं ‘कर’ म्हणायचं होतं. शंभर किलो लावून बसवला असता तर पाच रेपांत त्याच्या मांड्यांनी त्याला सगळं सांगितलं असतं. पण मग त्यानं पुढचा प्रश्न विचारला असता: सिडकोतली मशीन अशी का नाही? आणि नऊ मशीनची ऑर्डर अजून तोंडीच होती.

“नको. रंग ओला आहे,” इलियास म्हणाला.

रंग परवाच वाळला होता.

मग त्याच्यातल्या लाजेनं वेगळी वाट काढली. त्यानं संघपालला पोटऱ्या दाखवायला सांगितल्या. त्याही काडीच होत्या. इलियासनं लाकडाचा एक जाड ठोकळा काढला, त्याला रबर ठोकलं, वर उभं राहून टाच पार खाली सोडायला लावली. खाली क्षणभर थांब. मग वर. पूर्ण रेप संपले, आता वर जाता येत नाही असं झालं की थांबायचं नाही, खालच्या अर्ध्यातच हलत राहायचं, ताण सुटू द्यायचा नाही. “वरचा अर्धा सुटला तर सुटू दे. खालचा सोडायचा नाही.” पहिल्याच दिवशी संघपाल दात-ओठ खाऊन ओरडला आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरावी लागली असं हसत सांगून गेला. ठोकळा इलियासनं त्याला फुकट दिला. मोठी वस्तू चोरली की माणूस लहान वस्तू दान करतो.

एप्रिलपर्यंत संघपालच्या पोटऱ्या सव्वा सेंटीमीटरनं वाढल्या. डोळ्यांना दिसण्याइतका आकार आला. तो येऊन इलियासला टेप लावून दाखवायचा, आणि इलियास वाहवा करायचा. मांड्या चौपन्नवरच होत्या. तेच पाय, तेच पोरगं, त्याच आईच्या हातची भाकर, आणि गुडघ्याच्या खाली वाढ आणि वर दुष्काळ. एवढा ढळढळीत पुरावा समोर असताना इलियासनं सहा-सात वेळा तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी दुसरंच काही बोलला. एकदा म्हणाला, “बैठका खाली मारत जा, पूर्ण खाली, वजन कमी कर.” संघपालनं दोन दिवस केलं. साठ किलोवर पाय लटपटले. बद्रीनाथनं सगळ्यांसमोर विचारलं, “काय हीरो, चारशे वीसवाले साठवर आले?” तिसऱ्या दिवशी बारवर पुन्हा दीडशे चढले.

सिल्लोडला इलियास गेला. न जाणं जास्त अवघड होतं. कापूस बाजाराच्या मोठ्या मैदानावर मंडप, स्टेजवर झगझगीत दिवे, लाउडस्पीकरची घरघर. पासष्ट किलोच्या गटात संघपाल तेल लावून उभा राहिला तेव्हा कमरेच्या वर त्याच्यासारखा दुसरा नव्हता. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पाठ दाखवली तेव्हा पोटऱ्यांवरही कुणीतरी ‘वा रे’ म्हणालं. मग पंचांनी समोरून मांड्या आवळायला सांगितल्या. शेजारी उभ्या सोयगावच्या पोराच्या मांडीवर दोऱ्या ओढल्यासारख्या रेषा उमटल्या. संघपालनं दातावर दात दाबले, चेहरा लाल केला, पण तिथं आवळायलाच काही नव्हतं. पहिल्या तिघांत तो नव्हता. सहावा आला.

परतीच्या गाडीत बद्रीनाथ पुढं बसला होता, मागं संघपाल आणि इलियास. पंचांपैकी एकानं संघपालला स्टेजमागं सांगितलं होतं, “वर सोनं आहे, पाय कर.” ते त्यानं बद्रीनाथला सांगितलं.

“पाय करता येत नसतात रे,” बद्रीनाथ आरशातून बघत म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच दया होती. “चारशे वीस मारून जर मांडी वाढत नसेल तर आकडा खोटा हाय का? आकडा तर भिंतीवर हाय. मग काय उरलं? रक्त. पाय रक्तात लागतात. तुमच्या घराण्यात नाहीत, त्याला मी काय करू, तू तरी काय करणार.”

तुमच्या म्हणजे कुणाच्या, हे संघपालनं विचारलं नाही. तो खिडकीबाहेर बघत बसला. फुलंब्री आली, गेली. इलियासच्या डोक्यात वाक्य तयार होतं: बद्रीभाऊ, आकडा खोटाच आहे, आणि मी तो वेल्ड केलाय. गाडी हर्सूलच्या तुरुंगावरून पुढं आली तरी ते वाक्य तोंडापर्यंत आलं नाही. बद्रीनाथनं उतरताना त्याला बाजूला घेतलं आणि नवी ऑर्डर पक्की केली. “लेग प्रेस तशीच द्या हां, सिडकोसारखी.”

मे महिन्यात इलियासनं नऊ मशीन बनवल्या. लेग प्रेसचा स्टॉपर या वेळी वेगळा वेल्ड करावा लागला नाही, आराखड्यातच वर धरला. नव्या शाखेचा मुख्य ट्रेनर म्हणून सोयगावच्या त्या पोराला बद्रीनाथनं आणलं. तो म्हणे त्यांच्या गावातल्या जुन्या तालमीत खोल बैठका मारायचा. आता तो इथं लोकांना वीतभर वाट शिकवतो.

संघपालनं जिम सोडली. भांडण नाही, तंटा नाही, फी संपली आणि पुन्हा भरली नाही. ठेकेदारानं रात्रपाळीचं विचारलं, तर हो म्हणाला. इलियासकडं तो परत आला नाही, आणि खरं सांगायचं तर इलियासनंही निरोप पाठवला नाही. दुपारचा डबा मात्र रोज येत राहिला.

जुलैत एक दिवस गीताबाई डबा ठेवून लगेच गेली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली. कारागीर जेवायला मागं गेले होते.

“भाऊ, बसू का जरा?”

इलियासनं घाईघाईनं स्टूल दिलं. ती बसली, पदरानं मान पुसली आणि साडीची कड थोडी वर ओढून स्वतःच्या पिंडऱ्यांकडं बघितलं. वाळक्या, शिरा वर आलेल्या पिंडऱ्या.

“माझी आई बी अशीच होती. काटकुळी. साईटवर डोक्यावर बारा-बारा विटा चढवायची चौथ्या मजल्यावर, पण पाय बघितले तर बगळ्याचे. मी बी तशीच. आता पोरगं बी.” ती थांबली. “त्यानं मला सांगितलं, मायचे पाय आलेत म्हणं मला. रागानं नाय बोलला. हसून बोलला. म्हनला, जिमच्या मालकानं समजावून सांगितलं, रक्तात नाय तर नाय. पर भाऊ, मला तव्हापासून घास गोड लागंना. पोरानं पोटाला चिमटा घेऊन अंडी खाल्ली, वरीसभर घाम गाळला, आणि मी त्याला पाय दिले ते असले. तुम्ही इतकं शिकवलं त्याला. तुमच्या ठोकळ्यानं पोटऱ्या तरी झाल्या. तुमची बी मेहनत वाया घालवली मी. म्हणून आले, एकदा बोलावं म्हणलं.”

ती माफी मागत होती. इलियासला ते कळायला क्षणभर लागला. मघाशी उघडलेला डबा तसाच समोर होता, वरण, भेंडी, चार पोळ्या. त्यानं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

“गीताबाई,” तो म्हणाला, “तुमचे पाय नाहीत हो. पाय चांगले आहेत पोराचे. पोटऱ्या वाढल्या ना? एकाच रक्ताच्या. मांडी वाढली नाही कारण ती कामालाच लागली नाही. त्या मशीनची गाडी खाली येत नव्हती. वरच अडवलेली. वर कितीही वजन लावा, वाढ खाली असती. तो स्टॉपर मी लावला. ह्या हातांनी. बद्रीनाथनं सांगितलं आणि मी लावला.”

गीताबाईला सगळं कळलं की नाही कोण जाणे. पण ज्याला मशीन कळायला लागत नाही तेवढं तिला नक्की कळलं. ती त्याच्याकडं बघत राहिली.

“तुमाला ठावं होतं?”

“हो.”

“तो इथं आला तव्हा बी? टेप लावून दाखवायचा तव्हा बी?”

“हो.”

“मंग बोलला का नाय?”

उत्तर होतं नऊ मशीन. बाईसमोर ते उत्तर उच्चारता येईना. बाहेर कुणीतरी ट्रक मागं घेत होतं, त्याची पिपाणी वाजत राहिली.

“आज जातो मी त्याच्याकडं,” शेवटी तो म्हणाला. “सगळं सांगतो. वय काय आहे त्याचं? वर्षभर खाली बसून बैठका मारल्या, मांडी हमखास वाढंल. मी इथं मशीन देतो त्याला.”

“नका जाऊ.”

“गीताबाई—”

“नका सांगू त्याला.” आता तिचा आवाज बदलला होता. मघाची माफी त्यात कुठं राहिली नव्हती. “आता तो गप झालाय, भाऊ. मायचे पाय म्हणून गप झालाय. मायवर कुणी किती दिस रुसतंय? पर तुमी केलं म्हणून कळलं तर त्याला झोप यायची नाय. तुमाला चाचा म्हणायचा तो. एक मालक तसा निघाला, दुसरा चाचा बी तसाच, हे कळून त्यो कुणाकडं बघंल? पाय माझेच राहू द्या.”

ती उठली. उघडाच राहिलेला डबा तिनं स्वतः झाकला, कालचा रिकामा पिशवीत घातला आणि उन्हात निघून गेली.

इलियास स्टुलाकडं बघत बसला. संघपालकडं जायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, ते वाक्य आता आयुष्यात कधी बोलावं लागणार नाही, हे ध्यानात आलं आणि त्याला हायसं वाटलं. खरंच हायसं वाटलं. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.